लग्नाच्या दिवशीचं इमर्जन्सी किट: आधी माणूस ठरवा, मग थैली भरा

लग्नघरात सेफ्टी पिन कुणाकडेच नाही, असं फारसं होत नाही. चार जणींच्या पर्समध्ये असतात. पण एक जण पाहुण्यांना आणायला गेलेली असते, दुसरीची पर्स कुलूपबंद खोलीत असते, त्या खोलीची किल्ली तिसरीकडे असते आणि चौथीला कुणी विचारलेलंच नसतं. इकडे नवरीच्या खांद्यावरची शिवण उसवलेली आणि पाच जण एकमेकांना विचारतायत, ‘तुझ्याकडे आहे का गं?’

म्हणून घरचं लग्न पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांनी वस्तूंच्या यादीपासून सुरुवात करू नये. लागणारी वस्तू दोन मिनिटांत हातात आली पाहिजे आणि ती कुणाकडे मागायची हे सगळ्यांना ठाऊक पाहिजे. एवढं साधलं तर किट छोटं असलं तरी चालतं.

पहिलं काम: मदतनीस नावानिशी ठरवा

‘आम्ही सगळे आहोत ना’ हे उत्तर ऐकलं की समजावं, कुणीच नाहीये. काम एकाच माणसाचं असावं आणि ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असावं. आईवडील आणि सख्खी भावंडं या कामाला नकोत. त्यांना दर पाच मिनिटांनी कुणीतरी फोटोला, विधीला नाहीतर पाहुण्यांना भेटायला बोलावतं. लहान मूल सोबत असलेली व्यक्तीही नको. चुलत-मामे भावंडांपैकी कुणी किंवा जवळची मैत्रीण, मित्र चांगला. घरातले बरेच चेहरे ओळखीचे असावेत, चाल भरभर असावी, आणि मुख्य म्हणजे ‘नाही’ म्हणता यावं. हा शेवटचा गुण लोक विसरतात. ओळखीपाळखीचे वीस जण येऊन गोळी मागतात, उसने पैसे मागतात, ‘जरा ही पर्स सांभाळ’ म्हणतात. सगळ्यांना हो म्हणणारा माणूस दुपारपर्यंत हमाल होऊन बसतो.

सोबत एक बदली माणूस ठरवा, शक्यतो दुसऱ्या पक्षाकडचा. मदतनीस जेवायला बसली किंवा बाहेर गेली की पाऊच आणि फोन त्याच्या हातात द्यायचे. हातात म्हणजे खरोखर हातात, ‘टेबलावर ठेवलंय’ नव्हे.

आदल्या संध्याकाळी दोन्ही घरच्या मंडळींना, फोटोग्राफरला, मेकअप करणाऱ्यांना आणि हॉलच्या व्यवस्थापकाला एक छोटा निरोप पाठवा. मजकूर साधारण असा असावा: ‘उद्या पिन, औषध, पाणी, सुटे पैसे, काहीही लागलं तर नवरा-नवरीला किंवा त्यांच्या आईवडिलांना विचारू नका. अमुक ताईला फोन करा. तिच्या खांद्याला लाल पाऊच असेल. ती नसेल तर अमुक दादा.’ नंबर खाली लिहा. लाल पाऊच हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. गर्दीत चेहरा शोधण्यापेक्षा ठळक रंगाची वस्तू शोधणं सोपं, आणि लांबच्या नातेवाइकांना चेहरा माहीत नसतोच.

मदतनीसाच्या पायात सपाट, धावता येईल अशी चप्पल किंवा बूट असावेत. फोन सायलेंटवर नसावा.

आठवडाभर आधी: पाच-सहा फोन

थैलीत काय भरायचं हे दुकानातल्या तयार किटवरून ठरवू नका. कोण येणार आहे त्यावरून ठरवा. जवळच्या माणसांना फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या: रोजचं कोणतं औषध किती वाजता असतं, कशाची ॲलर्जी आहे का, आणि एकदम त्रास झाला तर ते स्वतः काय घेतात.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं सगळं त्यावर समजून घेता येईल. विधी सकाळी 11 वाजता, जेवण दुपारी 1 वाजता, संध्याकाळी 7 वाजता त्याच ठिकाणी स्वागतसमारंभ. मदतनीस म्हणजे नवरीची मामेबहीण. तिच्या फोनांमधून चार गोष्टी कळल्या. नवऱ्याचे वडील जेवणाआधी इन्शुलिन घेतात. नवरीच्या आत्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर आहेत. नवऱ्याच्या सात वर्षांच्या भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि तिच्यासाठी डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन दिलेलं आहे. नवरीला अधूनमधून मायग्रेन होतो.

मामेबहिणीने हे एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिलं: नाव, त्रास, औषध कुठे आहे, जवळच्या माणसाचा नंबर. कागदाच्या मागे जवळच्या हॉस्पिटलचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर, आणि हॉलचा पूर्ण पत्ता. पत्ता मुद्दाम लिहायचा, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही. हा कागद तिच्याकडे आणि बदली माणसाकडे. फॅमिली ग्रुपवर तो टाकायचा नाही. कुणाची तब्येत ही गावभर सांगायची गोष्ट नाही.

एक थैली खोलीत, एक पाऊच अंगावर

नवखे लोक सगळं एकाच मोठ्या बॅगेत भरतात. ती जड होते, मग ती कुठेतरी ठेवली जाते, आणि ठेवलेल्या ठिकाणापासून आपण नेमके लांब असतो. शिवाय समारंभात बेवारस दिसणारी बॅग चोराच्या सोयीची.

म्हणून दोन भाग करा. अंगावरच्या पाऊचमध्ये दहा वेळा लागणाऱ्या आणि थांबायला वेळ नसणाऱ्या वस्तू: पिना, दोरा ओवलेल्या दोन सुया, छोटी कात्री, दुहेरी चिकटपट्टी, टिश्यू, जखमेवर लावायच्या चार पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या, तो कागद आणि पैशांचं एक पाकीट. बाकी सगळं खोलीतल्या थैलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ल्या दोन: एक मदतनीसाकडे, एक बदली माणसाकडे. थैलीत पारदर्शक पिशव्या करून प्रत्येकीवर ठळक नाव घाला: कपडे, औषधं, खाणं, बाकी. ‘औषधांची पिशवी आण’ असं सांगून कुणालाही पाठवता आलं पाहिजे.

‘बाकी’मध्ये पॉवर बँक, चार्जरची केबल, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, डिओडरंट, केसांच्या पिना, आरसा, पेन, कापडी टॉवेल, कचऱ्याच्या दोन पिशव्या आणि एक छत्री. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पिना, सुई आणि डाग

सेफ्टी पिन एकाच मापाच्या घेऊ नका. बारीक पिना रेशीम, जाळी, शिफॉन अशा नाजूक कापडाला. मधल्या आकाराच्या बहुतेक कामांना. मोठ्या फक्त जाड अस्तर, कमरपट्टा किंवा तुटलेल्या बॅगेच्या पट्ट्याला. नाजूक कापडाला मोठी पिन लावली की भोक पडतं, आणि ओढ बसली की भोकाची फाट होते. गंज न धरणाऱ्या स्टीलच्याच घ्या, कारण दिवसभर घामात राहिलेली हलकी पिन तांबूस डाग सोडते.

लावायचीही पद्धत आहे. पिन एकट्या वरच्या कापडात अडकवू नये. शिवण, अस्तर किंवा आतला कपडा असा एखादा जाड थर सोबत घ्यावा, म्हणजे भार त्यावर येतो. कापड फारच पातळ असेल तर आतल्या बाजूने सुती कापडाचा बोटभर तुकडा ठेवून त्यासकट पिन घालावी. पिन टोचताना आपलं बोट कापडाच्या मागे, म्हणजे अंगाच्या बाजूला ठेवायचं. नवरीला टोचण्यापेक्षा मदतनीसाच्या बोटाला टोचलेलं बरं.

पिनेच्या ज्या टोकाला तारेचा वेढा असतो, तिथे धागा अडकून कापड ओढलं जातं. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने 1849 मध्ये पेटंट घेतलेल्या पिनेतही हा वेढाच स्प्रिंगचं काम करत होता, त्यामुळे तो काढून टाकता येत नाही. उपाय सोपा आहे: पिनेत आधी एक छोटा मणी ओवून तो वेढ्यापर्यंत सरकवायचा. कापड मण्यापाशी थांबतं. हे आदल्या रात्री दहाबारा पिनांना करून ठेवा, ऐनवेळी कुणी मणी ओवत बसत नाही.

पिन हा तात्पुरता इलाज आहे. खांद्याचा बंद किंवा कमरेची शिवण यावर सारखी ओढ असते. तिथे पिन लावून वेळ निभावली तरी पहिली दहा मिनिटं मोकळी मिळताच चार टाके घालावेत. त्यासाठी सुया आधीच ओवून ठेवायच्या: एक पोशाखाच्या रंगाच्या दोऱ्याची, एक काळ्या किंवा पांढऱ्या दोऱ्याची. दोरा दुहेरी, टोकाला गाठ. थरथरत्या हातांनी सुईत दोरा जात नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला पटेल.

चेन अडकली तर ओढाताण करू नका. आधी बघा, बहुधा अस्तराचा काठ दातांत गेलेला असतो. तो बाजूला ओढून धरायचा आणि चेन मागे न्यायची. काहीच अडकलेलं नसताना जड जात असेल तर दातांवर शिसपेन्सिलीचं टोक किंवा कोरडा साबण घासायचा. चेन लागते पण मागून उघडत येते, असं दिसलं तर सरकणारा भाग सैल झालाय. छोट्या पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबल्या की काम होतं; जोरात दाबलं तर तो फुटतो. एवढं करूनही नाही झालं तर माणसाला त्या कपड्यातच शिवून टाकायचं आणि रात्री कात्रीने उसवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण हा सगळ्यात भरवशाचा इलाज आहे.

दुहेरी चिकटपट्टी त्वचेवर टिकत नाही अशी तक्रार असते. तेल, क्रीम किंवा घाम असेल तर ती टिकणारच नाही. आधी ओल्या टिश्यूने पुसायचं, कोरडं करायचं, मग लावायची.

चपलेचा तळ निघाला तर झटपट चिकटणारा डिंक कामी येतो, मात्र तो कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका आणि कपड्यावर सांडू देऊ नका. हा डिंक सुती धाग्यांत मुरला की चटकन तापतो, भाजू शकतं.

आता डाग. पहिला नियम, घासायचं नाही. घासल्याने डाग पसरतो आणि धागे खरबरीत होतात. पांढऱ्या, रंग न जाणाऱ्या कापडाने टिपायचं, डागाच्या कडेकडून मध्याकडे. तेलकट डागावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड टाकून 10–15 मिनिटं राहू द्यायची आणि झटकायची. रक्ताच्या थेंबाला गार पाणी. गरम पाण्याने रक्त कापडात बसतं. लिपस्टिकचा थर चिकटपट्टीने हलकेच उचलायचा, मग जे उरेल ते टिपायचं. रेशमावर मात्र पाणीसुद्धा स्वतःचा डाग ठेवतं, म्हणून आधी आतल्या शिवणीवर थेंब लावून बघा. शंका असेल तर डाग तसाच ठेवा, पोशाखाची ठेवण किंवा फुलं थोडी सरकवून झाका आणि दुसऱ्या दिवशी धुलाईवाल्याला दाखवा. ऐन समारंभात हट्टाने साफ करायला गेलेला वाटाण्याएवढा डाग तळहाताएवढा होतो.

औषधं: थोडी, ओळखीची, मूळ वेष्टणात

औषधांच्या पिशवीत दोन प्रकार वेगळे ठेवा. एक, ज्याची त्याची स्वतःची औषधं, नाव लिहिलेल्या लिफाफ्यात. दोन, सर्वांसाठीची साधी औषधं. दुसऱ्या प्रकारात मोजकंच हवं: पॅरासिटामॉल, छातीत-पोटात जळजळीवर अँटासिड, ॲलर्जीची गोळी, ओआरएसची पाकिटं, फोडांसाठी जेलच्या पट्ट्या, साध्या पट्ट्या, जंतुनाशक ओले टिश्यू, गॉज. यापलीकडे दवाखाना उघडायचा नाही.

गोळ्या डबीत सुट्या ओतून आणू नका. गोळ्यांच्या स्ट्रिपवर नाव, मात्रा, मुदत असते. डबीत ती सगळी माहिती जाते आणि दोन पांढऱ्या गोळ्यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही.

पॅरासिटामॉल साधं वाटतं, पण त्याचा हिशेब ठेवावा लागतो. धडधाकट प्रौढ माणसाला एका वेळी 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान 4 तासांचं अंतर आणि 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम. यकृताचा त्रास असलेल्यांना, अगदी कमी वजनाच्यांना आणि मद्य जास्त घेणाऱ्यांना ही मर्यादा कमी असते, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणून गोळी देण्याआधी ‘सकाळपासून काय घेतलंय?’ हे विचारायचंच. दिल्यावर कागदावर लिहायचं: कुणाला, काय, किती वाजता. संध्याकाळी बदली माणूस ड्युटीवर असेल तेव्हा ही नोंदच त्याच्या कामी येते.

आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन सर्वांसाठीच्या पिशवीत ठेवूच नयेत असं माझं मत आहे. उदाहरणातल्या आत्यांना ती गोळी कुणी आपुलकीने दिली, तर रक्त पातळ ठेवण्याच्या औषधासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, ही नाव घ्यावीत अशी आणखी कारणं. मुलांना तर ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

ॲलर्जीच्या गोळीने झोप येऊ शकते. सेटिरिझिनने कमी येते, क्लोरफेनिरामिनने बरीच. गाडी चालवणाऱ्याला किंवा मद्य घेतलेल्याला ती देऊ नये. नवरीला तर त्या दिवशी कुठलंही औषध आयुष्यात पहिल्यांदा देऊ नका. तिचं मायग्रेनचं ठरलेलं औषध लिफाफ्यात असावं, आणि डोकं धरायला लागलंय असं तिने म्हणताच, तिच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते द्यावं. मायग्रेनचं औषध वेदना चढल्यावर घेतलं की कमी लागू पडतं. ‘एवढे फोटो होऊ देत’ म्हणून थांबवणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नये.

ओआरएसच्या पाकिटावर पाणी किती घालायचं ते लिहिलेलं असतं. काही पाकिटं 1 लिटरची, काही 200 मिलिलिटरची. मोठं पाकीट एका पेल्यात विरघळवून दिलं तर क्षारांचं प्रमाण चुकतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. म्हणून थैलीत 1 लिटरची रिकामी बाटलीही ठेवा.

भाचीचं इंजेक्शन मदतनीसाच्या थैलीत नको. ते मुलीजवळ, म्हणजे तिच्या आईकडे किंवा बाबांकडे अंगावरच असावं, आणि कुणाकडे आहे हे मदतनीसाला माहीत असावं. पार्क केलेल्या तापलेल्या गाडीत ते ठेवू नये, इन्शुलिनचंही तेच. काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली किंवा मूल एकदम मलूल पडलं, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. श्वास किंवा शुद्ध यावर परिणाम दिसत असेल तर इंजेक्शन आधी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच. मग लगेच रुग्णवाहिका, मूल बरं दिसायला लागलं तरीही, कारण त्रास काही वेळाने परत उलटू शकतो. मुलाला झोपवून ठेवायचं. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, चालवायचं नाही.

कुणी चक्कर येऊन पडलं तर भोवतीची गर्दी हटवा, आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा, गळ्या-कमरेचं आवळलेलं सैल करा. बहुतेक वेळा उभं राहणं, उकाडा आणि रिकामं पोट एवढंच कारण असतं आणि मिनिटाभरात शुद्ध येते. येत नसेल, छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा तोंड वाकडं दिसत असेल, तर किट बंद करा आणि फोन उचला.

खाणं आणि पाणी

नवरा-नवरी दिवसभर उपाशी राहतात ते भूक नसते म्हणून नव्हे, तर हात मोकळे नसतात म्हणून. त्यामुळे एका घासात संपेल, चुरा पडणार नाही, हाताला रंग किंवा तेल लागणार नाही, वास येणार नाही, असंच निवडा. केळ्याच्या चकत्या, बी काढलेला खजूर, छोटी साधी बिस्किटं, चीजचे तुकडे चालतात. चॉकलेट वितळतं. शेंगदाणे आणि इतर कवचीची फळं आपल्या उदाहरणात थैलीत नकोतच. मदतनीसाच्या हाताला लागलेलं मुलीपर्यंत पोचू शकतं. पाणी झाकणाच्या बाटलीतून स्ट्रॉने द्या, म्हणजे लिपस्टिकही टिकते आणि कपड्यावर सांडतही नाही.

वेळ मदतनीसानेच ठरवायची. ‘काही हवंय का?’ विचारलं की उत्तर ‘नको’ येतं. त्याऐवजी दर दोन-तीन तासांनी समोर जाऊन घास पुढे करायचा.

पैसे: किती, कुठे, कुणाच्या शब्दावर

राखीव रक्कम अंदाजाने ठरवू नका, कागदावर मांडा. ऐनवेळी रोख लागण्याची कारणं मोजकीच असतात: एखादी गाडी न आल्यास भाड्याच्या दोन फेऱ्या, औषधांची एक खरेदी, हमाल किंवा कामाच्या माणसांना द्यायचे पैसे, विसरलेली एखादी वस्तू, आणि हॉस्पिटलात गेल्यास सुरुवातीचा भरणा. प्रत्येकासमोर तुमच्या ठिकाणचा दर लिहा, बेरीज करा, तेवढीच रक्कम घ्या. फुलवाले, जेवणवाले, वाजंत्री यांची उरलेली देणी यात धरू नका. ती वेगळी, वेगळ्या माणसाकडे. ती मिसळली की राखीव रक्कम सकाळीच संपते.

रक्कम तीन पाकिटांत ठेवा. पहिल्यात छोट्या नोटा, मदतनीसाच्या पाऊचमध्ये. दुसऱ्यात मोठ्या नोटा, तिच्याच अंगावर पण वेगळ्या आतल्या खिशात. तिसरं बदली माणसाकडे. खोलीतल्या थैलीत रोख नाही.

देणाऱ्याने एक मर्यादा बोलून ठेवावी: ‘इतक्यापर्यंत मला विचारू नकोस, त्यावर असेल तर फोन कर.’ हे ठरलं नसेल तर मदतनीस प्रत्येक फेरीच्या भाड्यासाठी नवरीच्या वडिलांना शोधत फिरते. पैसे मागायचा अधिकार कुणाला, तेही ठरवा. दोन्ही घरचे मिळून तीन-चार जण पुरे. पाकिटावरच पेनने लिहायचं: रक्कम, कशासाठी, कुणी नेले. फोनवरून पैसे देता येतात हे खरं, पण गर्दीत नेटवर्क दगा देतं आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो

मामेबहिणीचा दिवस 6:30 ला सुरू होतो. तयारीच्या खोलीत ती नवरीला बसवून, उभं करून, हात वर करायला सांगून बघते. कपडा कुठे सुटतोय ते तेव्हाच कळतं आणि टाके निवांत घालता येतात. नवे बूट-चपला घालणाऱ्यांच्या टाचांना जेलच्या पट्ट्या ती फोड यायच्या आधीच लावते. 8 वाजता दोघांना थोडं खायला देते, दुसऱ्या खोलीत नवऱ्याकडे स्वतः जाते. नवऱ्याकडे बहुधा कुणाचं लक्ष नसतं.

10:30 ला ती नवऱ्याच्या वडिलांना भेटते. ‘काका, जेवण एकला आहे, पण विधी लांबू शकतो. ताट समोर येईपर्यंत इन्शुलिन घेऊ नका, मी येऊन सांगेन.’ त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवलेलं असतं. विधी खरंच चाळीस मिनिटं लांबतो. पण काकांनी सकाळचं लांबवर टिकणारं इन्शुलिन घेतलेलं आहे आणि न्याहारी घाईत अर्धीच झाली आहे. 12:45 ला त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, ते उगाच चिडतात. ही चिडचिड लोक लग्नाच्या ताणावर ढकलतात, पण साखर उतरल्याची ती नेहमीची खूण आहे.

ती त्यांना खुर्चीत बसवते आणि 15 ग्रॅम झटपट चढणारी साखर देते. पाऊचमधल्या प्रत्येकी 4 ग्रॅमच्या चार ग्लुकोज गोळ्या पुरतात. त्या नसत्या तर पाण्यात तीन चमचे साखर. चॉकलेट अशा वेळी नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. मग 15 मिनिटं थांबायचं आणि काकांच्याच यंत्रावर साखर बघायची. ती 70 च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच मात्रा. वर आल्यावर बिस्किटं आणि केळं, कारण ग्लुकोजचा असर टिकत नाही. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका. या वेळी पाऊच तिच्याकडे, पण ड्युटी बदली दादाकडे: ती काकांपाशी बसलेली असताना फोनवर येणाऱ्या पिना-पाण्याच्या मागण्या तो बघतो.

2 वाजता ती जेवते. हे वेळापत्रकात लिहिलेलंच असावं, नाहीतर संध्याकाळी आडवं झोपवून पाय उंच करायची वेळ तिच्यावरच येते. 4 ते 6 या वेळेत पाऊच पुन्हा भरायचा: वापरलेल्या पिनांच्या जागी नव्या, सुया परत ओवलेल्या, फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला, पहिल्या पाकिटातल्या छोट्या नोटा भरून. समारंभाला जाण्याआधी नवरीच्या कपड्यातल्या सकाळच्या पिना तपासायच्या; कपडे बदलले असतील तर पिना आणि टाकेही नव्याने लागतात.

रात्री थैली रिकामी करताना

पाकिटांवरची नोंद आणि उरलेली रोख एकत्र मोजून, पावत्यांसह, ज्याने पैसे दिले त्याच्या हातात त्याच रात्री द्या. सकाळी आठवत नाही. प्रत्येकाचा औषधांचा लिफाफा ज्याचा त्याला परत करा, विशेषतः दुसऱ्या दिवशी सकाळी लागणारी गोळी असलेला. परगावचे पाहुणे पहाटे निघतात आणि औषध थैलीत राहतं. नवरीचा पोशाख घडी घालण्याआधी अस्तराच्या आतल्या बाजूने हात फिरवून एकूण एक पिन काढा. सकाळी कुठे कुठे लावल्या ते कागदावर लिहिलेलं असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. घडीत राहिलेली पिन कापड फाडते, आणि धुलाईत गेली तर दुसऱ्यांच्या कपड्यांचीही वाट लावते.